पगारपत्रकावरून एका माणसाचा कंपनीला पडणारा खरा खर्च कसा काढायचा? मदत हवी आहे, अर्जंट

नवा_हिशेबी
उद्या दुपारपर्यंत साहेबांना आकडा द्यायचाय. 2024-25 च्या बाराही महिन्यांच्या पगाराच्या शीट माझ्याकडे आहेत, त्यावरून एक कामगार कंपनीला महिन्याला कितीला पडतो ते पीएफ, इन्शुरन्स, बोनस सगळं धरून काढायचंय. मी ग्रॉसमध्ये पीएफचा कॉलम आणि ईएसआयचा कॉलम मिळवला तर 19,695 आले, पण ऑक्टोबरमध्ये एकदम उडी दिसते आणि वर्षाची बेरीज बँकेतून गेलेल्या पैशांशी जुळतच नाही. काय चुकतंय?

जुनी_खातेवही
बेसिक किती, घरभाडे किती, माणसं किती, आणि शीटमधला पीएफचा कॉलम कुणाचा आहे, कामगाराच्या कपातीचा की कंपनीच्या हिश्श्याचा? एवढं कळल्याशिवाय कोण काय सांगणार.

नवा_हिशेबी
बहुतेक सगळ्यांचं सारखंच आहे, बेसिक डीएसकट 13,000, घरभाडे 5,000, ग्रॉस 18,000. माणसं 26. पीएफ 1,560 आणि ईएसआय 135, कॉलमचं नाव नुसतं पीएफ.

पगार_ताई
मग चूक तिथेच आहे. 135 म्हणजे 18,000 चे पाऊण टक्का, ही कामगाराची कपात झाली, ती त्याच्या ग्रॉसमधूनच जाते, म्हणजे 18,000 मध्ये ती आधीच आली. तुम्ही ती परत मिळवलीत आणि कंपनी वरून जे भरते ते शीटमध्ये नाहीच. कंपनीचा ईएसआय हिस्सा सव्वातीन टक्के म्हणजे 585. पीएफचं जास्त फसवं आहे, कारण कंपनीचा हिस्सासुद्धा 12 टक्केच, 1,560, त्यामुळे आकडा बरोबर असल्यासारखा वाटतो. पण कंपनीला त्यावर ईडीएलआयचा अर्धा टक्का आणि प्रशासकीय खर्चाचा अर्धा टक्का भरावा लागतो, 65 आणि 65. सगळे मिळून 1,690.

ताडून बघायचं असेल तर पगारपत्रक बाजूला ठेवा आणि चलान काढा. सगळ्यांचं बेसिक 15,000 च्या आत असेल तर पीएफचं चलान पीएफच्या पगाराच्या बरोबर 25 टक्के यायला हवं, कामगाराचे 12 आणि कंपनीचे 13. ईएसआयचं चलान 4 टक्के. फरक मोठा आला तर समजा शीटमधला पगार एक आणि चलानावरचा दुसरा.

पीएफ_अडकला
इथे पीएफचे जाणकार दिसतायत म्हणून विचारतो, मी नोकरी सोडून चार महिने झाले, क्लेम दोनदा रिजेक्ट झाला, वडिलांच्या नावाचं स्पेलिंग जुळत नाही म्हणतात. जुन्या कंपनीला मेल केला तर उत्तरच नाही. काय करू?

पगार_ताई
दादा, जॉइंट डिक्लरेशन भरा. वेगळा धागा काढा, तिथे नीट सांगते.

शॉप_फ्लोअर
मी पण छोटा कारखाना चालवतो, एवढा घोळ कशाला? बोनस 7,000 वर 8.33 टक्के, महिन्याला 583 धरा आणि पुढे चला. आम्ही कायम असंच करतो.

जुनी_खातेवही
साहेब, अर्धंच बरोबर आहे. बोनस कायद्यात 2015 च्या दुरुस्तीनंतर 7,000 किंवा त्या कामाचं किमान वेतन, जे जास्त असेल ते धरायचं. यांच्या कामगाराचं किमान वेतन 13,000 च्या आसपास असेल तर बोनस 583 नाही, 1,083 येतो. माणशी वर्षाला 6,000 चा फरक, 26 माणसांचा दीड लाखाच्या वर जातो. त्या हिशेबावर कोटेशन दिलं तर तेवढा पैसा खिशातून जाणार.

शॉप_फ्लोअर
आम्हाला आजवर कुणी विचारलं नाही.

जुनी_खातेवही
विचारलं नाही म्हणून देणं संपत नाही. कामगाराने मागितला तर मागच्या वर्षांचाही फरक द्यावा लागेल.

@नवा_हिशेबी, तुमची ऑक्टोबरची उडी म्हणजे दिवाळीचा बोनस ना? तो 2023-24 चा आहे, दिला ऑक्टोबर 2024 मध्ये. तो 2024-25 च्या खर्चातून पूर्ण काढून टाका आणि त्या जागी दर महिन्याच्या कमावलेल्या बेसिकवर 8.33 टक्के धरा. जे वर्षात सोडून गेले त्यांचाही धरा, 30 दिवस काम केलं असेल तर त्यांचाही हक्क आहे, आणि दिवाळीच्या यादीत त्यांची नावं नसतात म्हणून हा खर्च नेहमी निसटतो.

नवा_हिशेबी
हो दिवाळीचाच. म्हणजे 18,000 + 1,690 + 585 + 1,083 = 21,358? माझ्या आकड्याच्या 1,663 वर! पण एकूण खर्चाला शीटवरच्या माणसांनी भागलं तर 19,149 च येतात, हे कसं?

पगार_ताई
ऑक्टोबरच्या शीटवर ओळी किती आहेत? आणि पगारी दिवसांची बेरीज किती?

नवा_हिशेबी
ओळी 29, दिवस 806. तीन जण महिन्याच्या मध्यात गेले आणि त्यांच्या जागी तीन नवे आले. हे आधी सांगायला हवं होतं, लक्षातच आलं नाही.

पगार_ताई
ओळींनी भागू नका. 806 भागिले 31, म्हणजे 26 माणसं. तुमचा एकूण खर्च 5,55,308, त्याला 26 ने भागा, 21,358 परत येतात. 29 ने भागलं की प्रत्येक अर्ध्या महिन्याचा माणूस पूर्ण माणूस म्हणून मोजला जातो. आणि हो, पूर्ण पगाराचा कॉलम घेऊ नका, कमावलेला घ्या, बिनपगारी रजा तिथेच दिसते.

D मध्ये कमावलेलं बेसिक, G मध्ये कमावलेलं ग्रॉस, H मध्ये ईएसआय लागू असेल तर Y, आणि M1 मध्ये किमान वेतन टाका:

```
=G2+ROUND(MIN(D2,15000)*13%,0)
 +IF(H2="Y",ROUNDUP(ROUND(G2*3.25%,2),0),0)
 +ROUND(MIN(D2,MAX(7000,$M$1))*8.33%,0)
```

ज्यांचं बेसिक-डीए 21,000 च्या वर आहे त्यांच्या ओळीतला बोनसचा भाग काढा. ईएसआयचा Y मात्र ग्रॉस 21,000 च्या वर गेलं म्हणून लगेच काढू नका. एप्रिल ते सप्टेंबर किंवा ऑक्टोबर ते मार्च, जो काळ चालू आहे तो संपेपर्यंत भरावंच लागतं. आणि ओव्हरटाइम G मध्ये असेल तर राहू द्या, त्यावर ईएसआय लागतो, पीएफ लागत नाही.

शॉप_फ्लोअर
आणि ग्रॅच्युइटी? ती कुणीच बोलत नाही.

जुनी_खातेवही
बेसिकच्या 4.81 टक्के, म्हणजे 625. ती धरली तर 21,983.

पगार_ताई
मी नाही धरणार. यांच्याकडे लोक महिन्याच्या मध्यात सोडून जातायत, पाच वर्षं किती जण पुरी करतील? सगळ्यांवर लावलं तर खर्च फुगतो. फारतर तीन वर्षं झालेल्यांवर लावा.

जुनी_खातेवही
आणि टिकले तर? एकरकमी द्यायच्या वेळी ते पैसे कुठून आणणार? शिवाय 21 नोव्हेंबर 2025 पासून नव्या संहिता लागू आहेत, ठरावीक मुदतीच्या कामगाराला एक वर्षातच ग्रॅच्युइटी. पुढच्या कामाचा भाव ठरवायचा असेल तर मी धरणारच.

नवा_हिशेबी
भाव ठरवायलाच हवंय, गिऱ्हाइकाला कोटेशन द्यायचंय. मग नव्या संहितेने पीएफपण बदलतो का?

जुनी_खातेवही
तुमच्यात नाही. वगळलेले भत्ते एकूणाच्या निम्म्यावर गेले तर वरचा भाग पगारात धरतात. तुमचं घरभाडं 18,000 पैकी 5,000, निम्म्याच्या खूप आत. ज्यांचं बेसिक मुद्दाम कमी ठेवलंय त्यांनी बघावं.

नवा_हिशेबी
सूत्र टाकलं. अकरा महिने चलानाशी जुळले, फक्त जुलैचं ईएसआय 1,100 ने कमी आहे. दोन सुपरवायझरचं ग्रॉस जुलैत 21,000 च्या वर गेलं होतं...

पगार_ताई
सप्टेंबरपर्यंतच्या चलानात ते दोघे आहेत का, आधी ते बघा. जुलैतच वगळले असतील तर ऑगस्ट-सप्टेंबर कसे काय जुळले?

नवा_हिशेबी
थांबा, बघून सांगतो.