मदत हवी आहे: आंतर-हाऊस क्रीडा सप्ताहाची गुणपद्धत आणि गुणतक्ता

सावली_टीचर: आमच्या माध्यमिक शाळेत शिवनेरी, रायगड, प्रतापगड, सिंहगड असे चार हाऊस आहेत. वयोगट, मुलगे-मुली सगळं धरून वैयक्तिक स्पर्धा 24, आणि सांघिक 4 (कबड्डी, खो-खो). आतापर्यंत सगळीकडे सरसकट 5-3-2-1 असे गुण. म्हणजे खो-खोत नऊ मुली जीव तोडून खेळतात आणि हाऊसला मिळतं एका लांब उडीइतकंच. मुलींना हे फार लागतं. सांघिकला किती द्यावेत? तक्ता गुगल शीटमध्ये करायचा आहे.

मैदानकर: ताई, आधी सप्ताहातल्या एकूण गुणांची बेरीज करा. एका स्पर्धेत 11 गुण वाटले जातात. वैयक्तिक 264, सांघिक 44. म्हणजे चारही सांघिक सामने मिळून जेमतेम 14 टक्के. सांघिकला तिप्पट, म्हणजे 15-9-6-3 दिलेत, तर 132 होतात, एकूण 396 च्या बरोबर एक तृतीयांश. पाचपट देऊ नका. मग एका कबड्डीच्या अंतिम सामन्यात हरणं-जिंकणं दहा गुणांचं होतं, आणि धावणाऱ्या पोरांना वाटतं आपलं काय काम. आणखी एक, एका मुलाला दोनच वैयक्तिक स्पर्धा. नाहीतर एकटा वेगवान पोरगा सगळं हाऊस ओढतो आणि बाकीचे बघत बसतात.

आई_नववीची: याचे दहावीला ग्रेस गुण मिळतात का?

सावली_टीचर: नाही हो ताई, हे शाळेतल्या शाळेत आहे. ते जिल्हा पातळीपासून पुढच्या अधिकृत स्पर्धांचं.

गणित_गुरुजी: प्रत्येक सहभागाला 1 गुण द्या, सगळी मुलं उतरतात.

मैदानकर: उतरतात हे खरं, सर. पण ज्या हाऊसमधून 60 नावं आली त्याला 60 गुण, म्हणजे 12 पहिले क्रमांक फुकट. प्रत्येक स्पर्धेला हाऊसमागे दोनच नावं ठेवली तर सगळ्यांना सारखेच मिळतात, मग त्या गुणाचा उपयोग नाही.

गणित_गुरुजी: मग ठरावीक अंतर किंवा वेळ पार केली तरच गुण द्या.

मैदानकर: चालेल, पण तो आकडा वयोगटाप्रमाणे कोण ठरवणार?

तक्त्याबद्दल: हाऊसवार रकाने करून त्यात हाताने बेरीज मांडू नका. एका निकालाला एक ओळ: A स्पर्धा, B गट, C क्रमांक, D हाऊस, E गुण. G2 ते G5 मध्ये हाऊसची नावं लिहा आणि H2 मध्ये:

```
=SUMIFS(E:E, D:D, G2)
```

हे H5 पर्यंत ओढा. हाऊसचं नाव ड्रॉपडाऊनमधूनच निवडा. कोणी «रायगढ» लिहिलं की ती ओळ बेरजेतून गुपचूप गळते. रोज संध्याकाळी चार हाऊसची बेरीज E च्या एकूण बेरजेशी जुळवा. फरक आला तर नावात घोळ आहे.

बरोबरी झाली तर त्या जागांचे गुण एकत्र करून वाटा. लांब उडीत दुसऱ्यासाठी दोघं बरोबरीत असतील तर 3 आणि 2 मिळून 5, दोघांना अडीच-अडीच. पुढचा थेट चौथा.

सावली_टीचर: कबड्डी बाद पद्धतीने आहे, उपांत्य फेरीत हरलेल्यांचं काय?

मैदानकर: तिसऱ्या जागेचा सामना घ्या. वेळ नसेल तर 6 आणि 3 ची बेरीज निम्मी, साडेचार-साडेचार.

गणित_गुरुजी: मला नाही पटत. वाटून देण्यापेक्षा साखळीच घ्या, सहाच सामने होतात.

सावली_टीचर: मुलं-मुली धरून कबड्डीचेच बारा होतील, सर, आणि मैदान एकच आहे.