मदत हवी आहे: शिडीचं गणित दुसऱ्या रीतीने सोडवलं, उत्तर बरोबर, तरी ६ पैकी १ मार्क. फेरतपासणीचं पत्र कसं लिहू?

कळवाकर:
नवी मुंबईतल्या कॉलेजात इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाला आहे. मेकॅनिक्सचा पेपर काल दाखवला. शुक्रवारपर्यंत तपासनिसांना पत्र द्यायचं आहे. पत्र इंग्रजीत जाईल, पण मुद्दे आधी मराठीत पक्के करतोय.

गणित असं: ५ मीटरची शिडी, वजन २०० न्यूटन, जमिनीशी ६० अंश. भिंत गुळगुळीत, जमीन खरबरीत. ६०० न्यूटनचा माणूस शिडीवर खालून ४ मीटरवर उभा आहे. शिडी घसरू नये म्हणून जमिनीचा घर्षणांक कमीत कमी किती हवा?

वर्गात तीन समीकरणं मांडून करतात. मी तीन बलं एका बिंदूत मिळतात त्यावरून केलं. दोन्ही वजनं मिळून ८०० न्यूटन, तळापासून शिडीवर २९०० ÷ ८०० = ३.६२५ मीटरवर. त्यातून जाणारी उभी रेघ आणि भिंतीच्या रिअ‍ॅक्शनची आडवी रेघ जिथे छेदतात, तिथूनच जमिनीची रिअ‍ॅक्शन R जायला हवी. म्हणून tan φ = १.८१२५ ÷ ४.३३ = ०.४१९. उत्तर तेच येतं. पेपरवर लाल पेनाने "N? F? समीकरणं कुठे?" लिहून काट मारली आहे.

पत्राचा कच्चा मसुदा: "माझं उत्तर पूर्ण बरोबर असताना माझ्यावर अन्याय झाला आहे. कृपया पूर्ण गुण द्यावेत."

खारीगावची_आई:
अरे, माझ्या मुलीच्या बारावीच्या वेळी बेरीजच चुकली होती, अर्ज केल्यावर ४ मार्क वाढले. आधी बेरीज तपास.

कळवाकर:
काकू, बेरीज बरोबर आहे. एका प्रश्नाच्या पद्धतीबद्दलच म्हणणं आहे.

दोनचा_पाढा:
ते प्रमेय तीन बलांसाठी आहे. तुझ्या शिडीवर चार आहेत: दोन वजनं, भिंत, जमीन. मग ते लागूच होत नाही. तपासनीस बरोबर आहेत असं मला वाटतं.

जुना_सिव्हिल:
चार मोजलेस ते बरोबर. पण दोन्ही वजनं समांतर आहेत, त्यांच्या जागी एक ८०० न्यूटनचं बल घेतलं तर शिडीच्या समतोलाला काही फरक पडत नाही. मुलाने ते ३.६२५ मीटरवर घेतलंही आहे. उरली तीन. भिंत खरबरीत असती तर तिची रिअ‍ॅक्शन आडवी राहिली नसती आणि हा छेदबिंदूच चुकला असता. इथे गुळगुळीत आहे, म्हणून चालतं.

कळवाकर, दोन गोष्टी सांग. प्रश्नात "समतोलाची समीकरणं वापरून" असे शब्द आहेत का? आणि आकृतीत R तिरकी काढून φ दाखवलास का?

कळवाकर:
सर, प्रश्नात फक्त "काढा" आहे. R तिरकी काढली आहे, पण φ नाव दिलं नाही. तीन बलांचं प्रमेय हे शब्दही लिहिले नाहीत.

जुना_सिव्हिल:
तिथेच गाडी अडली. तपासनिसाला उत्तरात N आणि F शोधायची सवय असते, तुझ्या पानावर ती दिसली नाहीत. म्हणून "अन्याय" आणि "पूर्ण गुण" दोन्ही काढ. R म्हणजे N आणि F यांचाच रिझल्टंट, हे पत्रात एका वाक्यात सांग. मग त्यांच्याच रीतीने ताळा दे: तळाशी मोमेंट घेतले तर भिंतीची रिअ‍ॅक्शन × ४.३३ = २०० × १.२५ + ६०० × २ = १४५०, म्हणजे ३३४.९ न्यूटन. घर्षण तेवढंच, जमिनीचा N ८००. भागाकार ०.४१९. हे पेपरात नव्हतं, फक्त पडताळ्यासाठी जोडलं आहे, असं स्पष्ट लिही. नाहीतर नवीन काम घुसवतोय असं वाटेल.

दोनचा_पाढा:
वजनं एकत्र करायचं माझ्या लक्षात आलं नाही. पण φ न लिहिल्याचा आकृतीचा अर्धा-एक मार्क जायलाच हवा ना?

जुना_सिव्हिल:
माझ्या हातात असता तर मी अर्धा कापला असता. दुसरा कोणी एक कापेल.

कळवाकर:
आता असं लिहिलंय:

"माननीय महोदय, प्रश्नात पद्धत ठरवून दिलेली नसल्याने मी तीन बलांच्या प्रमेयाने उत्तर काढले आहे. पानावरची R ही जमिनीचा लंब दाब आणि घर्षण यांची एकत्रित रिअ‍ॅक्शन आहे. दोन वजनांची एकत्रित जागा ३.६२५ मीटर, बाजूला काढून दाखवली आहे. φ चे नाव आकृतीत देणे राहिले, हे मान्य आहे. नेहमीच्या रीतीने केलेला पडताळा सोबत जोडला आहे, तो मूळ उत्तरपत्रिकेत नाही. या पायऱ्यांचे गुण पुन्हा पाहावेत, ही विनंती."

खारीगावची_आई:
हे वाचायला बरं वाटतं. पोच घेतल्याशिवाय पत्र देऊ नकोस.

जुना_सिव्हिल:
पेपरच्या त्या पानाची झेरॉक्सही लाव. एक विचार: फेरतपासणी दुसऱ्याच शिक्षकांकडे गेली तर त्यांच्यापर्यंत हे पत्र पोचतं का? परीक्षा विभागात आधी विचार.

कळवाकर:
उद्या ठाण्याहून पहिल्या ट्रान्स-हार्बरने जाऊन विचारतो.