‘ता श्मा’ला मराठीत एकच शब्द हवा का?

मधली_ओळ: तल्मूद म्हणजे यहुदी कायद्यावरच्या वादांचा, बराचसा अरामी भाषेतला ग्रंथ; त्यातलं बावा मेत्सिया, पान 21 ब मराठीत आणतेय. ‘ता श्मा’ दर थोड्या ओळींनी येतं, शब्दशः ‘ये, ऐक’. सगळीकडे तेच ठेवलं तर वाचणारा कंटाळतो. माझ्या मते कुठे ‘पुरावा असा’, कुठे ‘पण हे बघा’ असं बदलावं. कोणाला पटत नसेल तर सांगा.

जुनी_वही: मला नाही पटत, आणि ‘पुरावा’ तर मुळीच नको. त्याच पानावर बघा. वाद असा की वस्तू हरवल्याचं मालकाला अजून कळलेलंच नाही; कळलं असतं तर त्याने आशा सोडली असती, आणि आशा सोडली की वस्तू सापडणाऱ्याची. मग ती आत्ताच सोडली असं धरायचं का? तल्मूदमधल्या दोन पंडितांपैकी रावा म्हणतो धरायचं, अबाये म्हणतो नाही. त्यानंतर:

‘या, ऐका: विखुरलेली नाणी सापडली, तर ती सापडणाऱ्याची.
का बरं? पडल्याचं मालकाला कुठे माहीत आहे?
तिथेही रब्बी यित्सहाक म्हणतात तसंच: माणूस घडोघडी खिसा चाचपतो.’

म्हणजे मालकाला कळलेलंच असतं, आणि अबाये वाचला. पुढे अंजिराच्या ढेपा येतात: जड असतात, पडल्या की कळतं. मग जांभळ्या लोकरीचे पट्टे: मौल्यवान, म्हणून माणूस चाचपत राहतो. प्रत्येक वेळी ‘या, ऐका’ आणि प्रत्येक वेळी सुटका. तुम्ही ‘पुरावा’ लिहिलंत तर वाचणारा पहिल्याच ओळीला निकाल लागला समजेल. तोच शब्द परत आला की त्याला कळतं, आला आणखी एक डाव. (मुळात ‘कीस’ आहे. आपला फारसीतून आलेला खिसा त्याच कुळातला, म्हणून बटवा नाही केला.)

वकीलमामा: आमच्याकडे उलटतपासणीत साक्षीदाराला असंच घेरतात. मी तर सरळ प्रत्येक ओळीआधी ‘रावा:’, ‘अबाये:’ लिहीन, नाटकासारखं. मुळात प्रश्नचिन्हंही नाहीत ना? मग कोण बोलतंय हे वाचकाला कसं कळायचं?

जुनी_वही: अडचण खरी आहे, उपाय अर्धा. ‘का बरं?’ हे रावाने विचारलंय असं मूळ कुठेही म्हणत नाही. तो आवाज निनावी आहे, आणि अभ्यासकांच्या मते अशा ओळी बहुतेक नंतरच्या संपादकांच्या. अबाये साधारण 339 साली वारला. त्याच्या तोंडी नंतरचं उत्तर घातलंत तर तो बोललाच नाही ते बोलला. फार तर समासात ‘अबायेच्या बाजूने’ असं लिहा.

वकीलमामा: समासात कोण बघतं हो! वाचकाचं डोकं नाव शोधतं. मी माझ्या मतावर आहे.

अश्दोदची_आत्या: आमच्या घरी पेसाखच्या सणाला आजोबा त्या रात्रीच्या पोथीतून, मराठी हागादातून वाचायचे, त्यात धाकटा मुलगा चार प्रश्न विचारतो. तुम्ही तेच म्हणताय का? त्यात ‘हा लाह्मा अन्या’ अरामीच आहे.

जुनी_वही: आत्या, ते वेगळं. तिथे प्रश्न दरवर्षी तेच, उत्तरही ठरलेलं. इथे उत्तर आलं तरी लगेच पुढचा हल्ला येतो.

शास्त्रीबुवांचा_नातू: मग आपले शब्द आहेतच की. ‘पूर्वपक्ष’, ‘सिद्धांत’, ‘ननु’, ‘इति चेत् न’. परके शब्द कशाला?

मधली_ओळ: आधी मीही तेच करून पाहिलं. पण ‘पूर्वपक्ष’ म्हटलं की तो पडणारच हे ऐकणाऱ्याला आधीच ठाऊक असतं. इथे कुठे ‘तेकू’ येतो, म्हणजे प्रश्न तसाच उभा. तो शब्द आजच्या हिब्रूत सामना बरोबरीत सुटला की वापरतात.

शास्त्रीबुवांचा_नातू: तेकूवर एलिया संदेष्टा येऊन उलगडा करेल म्हणतात, तो शब्द त्या वाक्याच्या आद्याक्षरांचा बनलाय असं ऐकलंय.

जुनी_वही: ते वाक्य नंतर जोडलेलं, गोड आहे. मुळात ‘राहू दे’ एवढंच. आणि ‘कश्या’ आणि ‘तेयुव्ता’ एकत्र करू नका. ‘कश्या’ म्हणजे अडचण उरली, पण मत जिवंत; ‘तेयुव्ता’ म्हणजे मत खोडलं गेलं. 22 ब वर, नदीने वाहून नेलेल्या वस्तूच्या दाखल्यानंतर, रावाविरुद्ध ‘तेयुव्ता’ दोनदा येतं. तिथे ‘रावाचं खोडलं गेलं. खोडलंच.’ असं दोनदाच हवं. एकदाच लिहिलंत तर तो ठोका जातो.

मधली_ओळ: बरं, ‘पुरावा’ काढला. ‘या, ऐका’ सगळीकडे ठेवते. पण मूळ एकवचनी आहे, ‘ये, ऐक’. गुरू-शिष्य एकमेकांना अरे-तुरे करतायत, आणि मी ‘या’ केलं तर कीर्तन वाटतंय. ‘ये, ऐक’ केलं तर आई मुलाला बोलावतेय असं वाटतंय.

वकीलमामा: ‘हे ऐक’ लिहा. ‘ये’ कशाला हवंय, तो समोरच बसलाय.

जुनी_वही: ‘ये’ गेलं तर वादाचं पुढे चालणं जातं. माझं मत ‘ये, ऐक’.