मुद्रा कर्ज मंजूर झाल्याचं पत्र आलंय, ४,५०० भरायचे का?

गिरणीवाली_बार्शी
भावाने पिठाच्या गिरणीला नवी मोटर घ्यायची म्हणून फेसबुकवरच्या जाहिरातीत नंबर टाकला. काल व्हॉट्सॲपवर पीडीएफ आली. मुद्राचा लोगो, गोल शिक्का, सही, सगळं आहे. लिहिलंय : शिशु योजनेत ५,००,००० मंजूर, व्याज २ टक्के घटत्या शिलकीवर, मुदत ५ वर्षं, हप्ता ९,१६७. ४,५०० प्रक्रिया शुल्क आजच भरा, नाहीतर फाइल रद्द. यूपीआयवर कुणा बाईचं नाव येतंय. भाऊ म्हणतो, शिक्का आहे म्हणजे खरंच असणार.

कोकणी_माणूस
आधी पैसे मागितले की फेक. खरी बँक फी कर्जातूनच कापते. विषय संपला.

सोनचाफा
अहो, पण आमच्या गृहकर्जाला बँकेने अर्जाबरोबरच फी घेतली होती. घराचे कागद अडकले, मंजुरीपत्राची मुदत संपली. ती फी परत मिळते का हो?

जुना_कॅशियर
सोनचाफा, ते तुमच्या पत्रातल्या अटींवर आहे, वेगळा धागा काढा. पण मुद्दा बरोबर आहे. गृहकर्जात आधी फी घेतात, मात्र ती बँकेच्याच खात्यात जाते आणि पावती मिळते. कुणा बाईच्या यूपीआयवर नाही.

ताई, आता तुमचं पत्र. शिशुची मर्यादाच ५० हजार आहे, पाच लाख किशोरमध्ये येतात. शिवाय मुद्रा कंपनी कुणाला थेट कर्ज देत नाही, ती बँकांना पैसा पुरवते. त्यामुळे पत्र येणार ते बँकेचं, शाखेच्या नावासकट. आणि हप्ता बघा. पाच लाखांवर वर्षाला दहा हजार असं पाच वर्षांचं सरळ व्याज ५०,०००. साडेपाच लाखांना ६० ने भागलं की ९,१६७. घटत्या शिलकीवर हाच हप्ता ८,७६४ च्या आसपास येतो. बँकेच्या सिस्टीमकडून अशी चूक होत नाही.

खऱ्या पत्रात तारण काय (इथे मोटर), अटी काय, हे असतं. सोबत सगळे खर्च धरून वार्षिक दर सांगणारं मुख्य तथ्य विवरणही मिळतं. तरी शंका असली तर पत्रावरच्या नंबरला फोन करू नका, शाखेत जा.

गिरणीवाली_बार्शी
काका, भावाने सकाळीच ४,५०० भरलेत, मला आत्ता सांगितलं. आता विम्याचे ८,२०० मागतायत, म्हणे 'परत मिळणारे'. आधार, पॅन पण पाठवलंय.

जुना_कॅशियर
एक रुपयाही देऊ नका. आत्ता सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, १९३० ला फोन लावा, यूपीआयचा व्यवहार क्रमांक हाताशी ठेवा. भावाच्या बँकेलाही कळवा. समोरच्या खात्यातून अजून काढले नसतील तरच थांबतील. आधारचं बायोमेट्रिक लॉक करा आणि महिन्याभराने क्रेडिट रिपोर्ट काढून बघा, त्याच्या नावावर भलतं कर्ज दिसतंय का.

कोकणी_माणूस
ताई, नंबर ब्लॉक करण्याआधी चॅटचे स्क्रीनशॉट काढा.

गिरणीवाली_बार्शी
तक्रार नोंदवली. पैसे थांबले का ते बँक अजून सांगत नाही. शाखेत मॅनेजरने मोटरचं कोटेशन मागितलंय, भाऊ तिकडेच गेलाय.