वास्तुशांतीची भेट: घराच्या फोटोवरून हाताने काढल्यासारखं चित्र. तुमचे अनुभव सांगा

माहेरवाशीण: भावाने राजापूरजवळचं आमचं जुनं घर उतरवून त्याच जागी नवं बांधलं. वास्तुशांतीला जुन्या घराचं रेखाचित्र द्यायचं ठरवलं. घर पाडण्याआधीचा एक फोटो भाच्याने व्हॉट्सॲपवर पाठवला होता. GIMP मध्ये तो राखाडी केला, लेयरची नक्कल काढून ती Invert केली, मोड Dodge ठेवला आणि Gaussian Blur दिला. पाच मिनिटांत पेन्सिलचं चित्र तयार! स्क्रीनवर झकास दिसत होतं. A4 वर छापलं तेव्हा कौलांच्या जागी करड्या मुंग्या, आणि अख्ख्या चित्रात ठळक काय, तर दारासमोरची विजेची तार. आईने विचारलं, "पाऊस पडतोय का गं?" शेवटी हाताने गिरवलं. तुम्ही कोणी असं केलंय का? फसलेलंही सांगा.

घाईत_आहे: फोटोचं रिझोल्यूशन कमी असणार. सेटिंगमध्ये ३०० डीपीआय करा, सुटेल.

शाईवाला: दादा, अर्धं बरोबर आहे. तो आकडा बदलल्याने फोटोत नसलेला तपशील येत नाही, पिक्सेल मोजायचे. व्हॉट्सॲपवरून आलेला फोटो समजा १६०० पिक्सेल रुंद असेल, तर आडव्या A4 वर इंचाला जेमतेम १३७ पडतात. मूळ फोटो डॉक्युमेंट म्हणून मागवायचा.

पण ताईंचा खरा घोटाळा वेगळा आहे. जिथे उजेड-अंधार एकदम बदलतो तिथे फिल्टर रेघ ओढतो. आभाळावरची काळी तार त्याला सर्वांत महत्त्वाची वाटते, आणि सावलीतलं दार दिसतच नाही. काय सोडायचं ते हातालाच कळतं. मी मंगलोरी कौलं पागोळीजवळच्या दोन ओळींतच पूर्ण काढतो. वर मधेमधे पाच-सहा कौलांचे पुंजके, बाकी कोरं. बघणाऱ्याचा डोळा छप्पर भरून घेतो. चिऱ्याच्या भिंतीलाही तेच, कोपऱ्याकडे चार चिरे दाखवले की पुरे.

माहेरवाशीण: मी सगळी कौलं काढायला बसले होते! तिसऱ्या दिवशी छप्पर इतकं काळं झालं की खालची पडवी दिसेना. कागद फाडला. दुसऱ्या खेपेला पडवीचे खांब तिरके आले, घर मागे कलंडल्यासारखं. फोटोत तर तसं वाटत नव्हतं.

शाईवाला: फोन वरच्या बाजूला तिरका करून जवळून काढला असणार. मग उभ्या रेषा वरच्या बाजूला एकमेकींकडे झुकतात. फोटोत डोळा ते चालवून घेतो, नुसत्या रेघांच्या चित्रात नाही. छापण्याआधी GIMP च्या Perspective ने वरचे कोपरे बाहेर ओढून खांब सरळ करा. त्यात घर बुटकं दिसू लागलं तर उंची थोडी ताणा. नव्याने फोटो काढणाऱ्यांनी मागे सरकून, फोन सरळ धरून काढावा.

कोथरूडकर: आमचा प्रश्न वेगळाच. बहिणीचा फ्लॅट बाराव्या मजल्यावर. टॉवरचा फोटो गिरवला तर बिल्डरचं माहितीपत्रक वाटायला लागलं. मग तिचं दारच काढलं: तोरण, पाटी, बाहेर चपलांचा ढीग. चपला बघून मेहुणे जास्त हसले.

नवशिकी: खिडकीच्या काचेवर धरून गिरवायला गेले, पण जाड कागदातून काही दिसेना.

शाईवाला: ३०० जीएसएमच्या कागदातून दिसणं अवघडच. छापील फोटोच्या मागे ६बी पेन्सिल घासा, तो कागदावर ठेवून कडा चिकटपट्टीने धरा आणि बॉलपेनने मुख्य रेषा गिरवा. खाली फिकट खूण उठते, तिच्यावर शाई. बाहेरच्या कडेला ०.५ चं पेन, दारं-खिडक्यांना ०.३, कौलांना ०.१. जलरंग भरायचा असेल तर शाई पाण्याने न फुटणारीच हवी. आधी कोपऱ्यात एक रेघ मारून, वाळल्यावर ओला ब्रश फिरवून बघा. मी एकदा बघितलं नव्हतं. आख्खी ओसरी जांभळी झाली, ती मग संध्याकाळ म्हणून खपवली.

सुलभा_आजी: पाडलेल्या घराचं चित्र नव्या वास्तूत लावू नये असं आमच्याकडे म्हणतात. दिशा कोणती घेतली?

माहेरवाशीण: आजी, दिशा नाही पाहिली. जिथे खिळा होता तिथे लावलं. गुरुजी काही बोलले नाहीत.

कोथरूडकर: कोकणात असाल तर काच थेट कागदाला टेकू देऊ नका, मधे माउंट घ्या. आमच्या आतेच्या घरी पावसाळ्यात कागद काचेला चिकटून बसला, सोडवताना शाईच निघाली.

नवशिकी: फोटोत नसलेलं काढावं का? आमच्या दारचा फणस आधीच पडला होता.

शाईवाला: मी काढत नाही. अंदाजाने काढलेलं झाड कोणाचंही वाटतं.

माहेरवाशीण: मी तुळस काढली, फोटोत ती स्कूटरच्या मागे लपली होती. भावाला पटलं. आई मात्र अजून विचारते, विहिरीवरचा रहाट कुठे गेला? तो फोटोच्या बाहेर राहिला होता, आणि त्याला किती दांडे होते यावर आम्हा तिघांचं एकमत होत नाही.