मॉडच्या लेखकाला क्रॅश कळवताना आख्खी लोड ऑर्डर चिकटवावी का?

ऐरोलीकर: स्कायरिम स्पेशल एडिशन. रिफ्टनमध्ये घर देणारा एक मॉड टाकलाय. दार उघडलं की लोडिंग स्क्रीन येते आणि गेम थेट डेस्कटॉपवर. लेखकाला हे पाठवतोय, काही राहिलंय का?

```
गेम 1.6.1170, SKSE 2.2.6, मॉड 1.3
स्टेप्स: सेव्ह लोड केला, दारापाशी गेलो,
दार उघडलं. दर वेळी क्रॅश.
सोबत plugins.txt (१८६ ओळी)
```

नौपाडा: व्हर्जन लिहिलेत ते उत्तम, बहुतेक जण नुसतं 'लेटेस्ट' लिहून मोकळे होतात. पण १८६ नावं पाठवू नकोस. फुकटात मॉड बनवणारा माणूस तुझी यादी का चाळत बसेल? अर्धे मॉड बंद कर, क्रॅश होतोय का बघ, मग उरलेल्यातले अर्धे. सात-आठ फेऱ्यांत चोर सापडतो. मग त्या दोनच मॉडची नावं कळव.

घोडबंदर: हे चालू सेव्हवर केलंस तर नवाच घोळ होईल. मधेच काढलेल्या मॉडच्या स्क्रिप्टचा डेटा सेव्हमध्ये पडून राहतो. शिवाय डोळे मिटून अर्धे बंद केले की कुणाचा तरी मास्टर जातो, मग गेम मेन मेनूलाही पोचत नाही, आणि आपण भलत्याच मॉडवर खापर फोडतो. करायचंच तर नव्या गेमवर, मास्टर सांभाळून.

माझ्या मते यादीचा प्रश्न दुय्यम आहे. आधी क्रॅश लॉग पाहिजे. गेम स्वतःहून तो लिहीत नाही, Crash Logger टाकलेला असावा लागतो. फाइल `Documents\My Games\Skyrim Special Edition\SKSE` मध्ये पडते आणि तिच्या शेवटी प्लगिनची यादी क्रमांकांसह असतेच. लॉगमधल्या फॉर्म आयडीचे पहिले दोन आकडे म्हणजे तो क्रमांक, `FE` असेल तर लाइट प्लगिन. म्हणून यादी लॉगच्याच वेळची हवी. मधे मॉड वर-खाली केलेस तर तोच आयडी दुसऱ्याच मॉडकडे बोट दाखवेल.

वाशी से. १७: माझंही सेम. गेम चालू असताना पीसीच रीस्टार्ट होतो. कोणता मॉड काढू?

घोडबंदर: तुमचं सेम नाही हो. आख्खी मशीन बसतेय म्हणजे पॉवर सप्लाय, रॅम नाहीतर गरम होणं. मॉडच्या लेखकाला कळवून उपयोग नाही.

ऐरोलीकर, 'सेव्ह लोड केला' ही स्टेप होत नाही. तुझा सेव्ह त्याच्याकडे नाही. नवा गेम, हेल्गन पार केलं, चालत रिफ्टन, दार, असं करून बघ. मेन मेनूवरून कन्सोलमधून `coc` करून थेट घरात उतरलास तर तेही स्पष्ट लिही, कारण त्यात गेमची सुरुवात वगळली जाते आणि क्वेस्ट नेहमीसारखे सुरू झालेले नसतात.

ऐरोलीकर: नव्या गेमवरही तेच झालं. लॉगमध्ये वरच `meshes` मधल्या शेल्फच्या एका `.nif` चं नाव आहे. ते शेल्फ याच घराचं आहे.

घोडबंदर: मग plugins.txt मध्ये हे दिसणारच नाही. मेश, टेक्श्चर या सुट्या फाइली प्लगिनच्या क्रमाने ठरत नाहीत, मॉड ऑर्गनायझरच्या डावीकडच्या क्रमाने ठरतात. उजवीकडे Data टॅबमध्ये ती फाइल शोध, कोणत्या मॉडकडून येतेय ते शेजारीच लिहिलेलं असतं.

ऐरोलीकर: सापडलं! त्या घराला नवी टेक्श्चर देणारा एक पॅच आहे, तो शेल्फचा स्वतःचा `.nif` घालतो. पॅच मॉडच्या 1.2 साठी होता. ती फाइल Hide केली, तिला `.mohidden` शेपूट लागलं, आणि आत गेलो. शेल्फ जुन्या रंगाचं दिसतंय, पण क्रॅश नाही.

नौपाडा: मी काय म्हणत होतो! मूळ लेखकाचा काडीचा संबंध नव्हता. त्याला यादी पाठवली असतीस तर त्याचा अख्खा रविवार गेला असता.

घोडबंदर: अर्धे-अर्धे मॉड बंद करत गेला असतास तरी पॅचपर्यंत पोचला असतास, हे मान्य. पण 'या पॅचने क्रॅश' इतकंच कळलं असतं, फाइल कळली नसती. आता पॅचवाल्याला लिही: गेम आणि SKSE चे आकडे, मॉड 1.3, पॅचचं व्हर्जन, त्या `.nif` चा पूर्ण पाथ, नव्या गेमपासूनच्या स्टेप्स, फाइल लपवली की क्रॅश जातो हे, आणि लॉग.

ऐरोलीकर: आणि मूळ लेखकाला?

नौपाडा: काही नको. दुसऱ्याच्या पॅचचं ओझं त्याच्यावर का?

घोडबंदर: दोन ओळी तरी टाकाव्यात. 1.3 मध्ये त्याने शेल्फ बदललं असेल तर जुना पॅच वापरणारे सगळे त्याच्याच दारात येणार. पॅच चालणार नाही एवढं वर्णनात लिहिलं की झालं.

नौपाडा: उद्या दहा पॅच निघाले तर दहांची नोंद ठेवायची त्याने? मला नाही पटत.

वाशी से. १७: पॉवर सप्लाय बघायला पीसी दुकानात न्यायलाच लागेल का?