लेखक परिचय लिहायचा आहे, दोन वाक्यांच्या पुढे जात नाही. मदत हवी आहे, सोमवारच्या आत

मृगबहार
तीन रात्री एकाच कागदाशी बसले आहे. माझ्या कथांचं पुस्तक येतंय. प्रकाशकांनी १०० शब्द मागितलेत. मी हे पाठवलं होतं:

"मी एक सामान्य स्त्री असून लहानपणापासून थोडंफार लिहिण्याची आवड आहे. नोकरी व संसार सांभाळून हा अल्पसा प्रयत्न केला आहे. काही कथा दिवाळी अंकांत आल्या आहेत. लेखनात अनेक उणिवा असतील, वाचकांनी सांभाळून घ्यावे."

त्यांचा फोन आला, "ताई, हे चालणार नाही, जरा दमदार लिहा." मग "ग्रामीण वास्तवाचा वेध घेणाऱ्या संवेदनशील लेखिका" असं लिहिलं. ते वाचताना अंगावर काटा आला आणि कागद फाडला. आमच्याकडे आजोबा रोज संध्याकाळी दासबोधातली मूर्खलक्षणं म्हणून घ्यायचे. "आपली आपण करी स्तुती" ही ओळ आली की ते थांबायचे आणि आम्हा नातवंडांकडे एकेकाकडे बघायचे. ते बघणं अजून जात नाही.

कृपया सल्ले नकोत, वाक्यं द्या.

धरमपेठ_वाचनकट्टा
वाक्यं कशी देणार, माहितीच दिली नाहीत. परिचय हवा आहे की पाठराखण, म्हणजे पुस्तकाबद्दलच्या ओळी? कथा कशाबद्दल आहेत? "काही कथा" म्हणजे किती, आणि कधीपासून? नोकरी कसली?

बर्डीवाला
ताई, कायले इतक्या लाजून राहिल्या? तुम्ही नाही बोलल्या तर दुसरा कोण बोलणार? पुण्या-मुंबईचे लोक पहिल्याच पुस्तकावर "बहुचर्चित" लिहून टाकतात. आपण वैदर्भीय मागे राहतो ते याच्यानंच. माझ्या मित्रानं कवितासंग्रहावर "विदर्भातील आघाडीचा आवाज" छापलं, चांगल्या प्रती गेल्या. तुम्हीही बिनधास्त लिहा, आणि आठवड्याला एक व्हिडिओ टाका.

महाल_काका
माझं मत याच्या उलट आहे. मूळ मजकुरात काहीच चूक नाही. उणीव मान्य करणं हे आपल्या मातीचं वळण आहे. ज्ञानेश्वरांनीही पहिल्या अध्यायात स्वतःला चोचीनं समुद्र मोजायला निघालेल्या टिटवीची उपमा दिली. प्रकाशक आग्रह करतात म्हणून संस्कार सोडायचे नसतात, ताई. ठाम राहा.

नवी_पायरी
मलाही हाच त्रास आहे! मुलाखतीत "स्वतःबद्दल सांगा" म्हटलं की घशाला कोरड पडते. मागच्या महिन्यात मिहानमधल्या एका कंपनीत तीन मिनिटांत गप्प झालो. बायोडेटा एक पानाचा ठेवावा की दोन? फोटो लावावा का?

मृगबहार
नवी_पायरी, तुमच्यासाठी वेगळा धागा काढा, इथे तुमचंही उत्तर हरवेल.

धरमपेठ, परिचयच हवा आहे, मागच्या कव्हरवर फोटोशेजारी येतो तो. दिवाळी अंकांत २०१६ पासून ५ कथा आल्या. पुस्तकात ११ आहेत. नोकरीचा इथे काय संबंध? कळमना बाजारात एका अडत्याकडे हिशेब लिहिते, साधी नोकरी आहे.

जुना_मुद्रितशोधक
ताई, थांबा. मी ३० वर्षं मुद्रितं वाचली, त्यात असे शेकडो परिचय हाताखालून गेले. तुमच्या पुस्तकातल्या कथा कुठे घडतात?

मृगबहार
७ बाजारातच घडतात. लिलाव, काटा, हमाल, रात्री दोनला येणाऱ्या संत्र्याच्या गाड्या. बाकीच्या ४ गावाकडच्या, आमच्याकडे काटोल तालुक्यात बाग होती. १९ वर्षं झाली मला कळमन्यात. शेतकऱ्याच्या हातात जी पट्टी पडते ती मीच लिहिते. हमाली, तोलाई, गाडीभाडं वजा करून खाली उरलेला आकडा बरेचदा मलाच तोंडानं सांगावा लागतो. पहिली कथा तिथूनच सुचली.

जुना_मुद्रितशोधक
हेच तुम्ही चार वाक्यांत कुठेही लिहिलं नव्हतं. बघा, तुम्हाला ते बढाई वाटलं म्हणून गाळलं गेलं नाही, रोजचंच म्हणून सुटलं. सवयीनं विनम्र असणाऱ्या लेखकांकडून स्तुती तर गळतेच, पण तिच्यासोबत माहितीही गळते. वाचकाचं नुकसान दुसऱ्या गळतीनं होतं.

मी प्रत्येक वाक्याला एकच प्रश्न लावतो. परक्या माणसाला हे तपासून बघता येईल का? "१९ वर्षं कळमन्यात हिशेब लिहिते" हे तपासता येतं, म्हणून ती स्तुती होत नाही. "संवेदनशील लेखिका" तपासता येत नाही, ते मत आहे आणि ते दुसऱ्यानंच द्यायचं असतं. इथवर तुमचे आजोबा बरोबर होते. पण "सामान्य स्त्री", "अल्पसा प्रयत्न", "अनेक उणिवा" हेही तपासता येत नाही. तीही स्वतःबद्दलची मतंच आहेत, फक्त खालच्या बाजूची. आणि ती वाचली की समोरच्यावर "नाही हो, छान आहे" म्हणायची वेळ येते. आता तुमचा मूळ मजकूर याच प्रश्नातून चाळा. चार वाक्यांतलं फक्त दिवाळी अंकांचं वाक्य उरतं, आणि त्यातही आकडा नाही.

महाल_काका
म्हणजे क्षमा मागायचीच नाही? हे मला पटत नाही.

जुना_मुद्रितशोधक
काका, क्षमेची जागा वेगळी आहे. मनोगतात आणि ऋणनिर्देशात लेखक वाचकाशी स्वतः बोलतो, तिथे ती शोभते. परिचय तृतीयपुरुषी असतो आणि छापतो प्रकाशक. तिथे "उणिवा असतील" असं आलं की पुस्तक छापणाराच ते कच्चं आहे म्हणतोय असा अर्थ निघतो. दुकानात माणूस उभ्या उभ्या कव्हर वाचतो आणि ठेवून देतो. प्रकाशकाचा फोन त्याच भीतीनं आला असणार.

आणि टिटवीचं म्हणाल तर ते खरं आहे. पण सहाव्या अध्यायात ज्ञानेश्वरांनीच अमृताशी पैज लावली आहे.

महाल_काका
पैज मराठीच्या बोलाची आहे. स्वतःची नाही.

जुना_मुद्रितशोधक
तेच म्हणतो आहे. टिटवी स्वतःसाठी आणि पैज बोलासाठी. ताईंनीही स्वतःबद्दल बोलू नये, कथा कुठून आल्या ते बोलावं.

बर्डीवाला
मग माझ्या मित्राच्या प्रती कशा गेल्या? तुमचं हे तपासून बघायचं गणित विक्रीत चालत नाही.

धरमपेठ_वाचनकट्टा
माझा अनुभव सांगते. आमच्या कट्ट्यावर आम्ही महिन्याला एक पुस्तक घेतो. "आघाडीचा आवाज" असं कव्हरवर असलं की वाचणारा पहिल्या पानापासून परीक्षकासारखा बसतो, बघू किती आघाडीचा ते. ओळखीच्यांत प्रती जातात, पण पुढे हातोहात जात नाहीत. तरी तुमचं अर्धं बरोबर आहे, दादा. ताई गप्प राहिल्या तर कुणाला कळणारच नाही की हिशेब लिहिणाऱ्या बाईनं आतून लिहिलेल्या कथा आहेत.

पुस्तकवेडा_अमरावती
राज्याच्या साहित्य आणि संस्कृती मंडळाची नवलेखक अनुदान योजना आहे, पहिल्या पुस्तकासाठी. तिथे हस्तलिखित पाठवा.

मृगबहार
धन्यवाद, पण पुस्तक छपाईला निघालं आहे.

मुद्रितशोधक काका, पटतंय. पण १०० शब्द भरणार कसे? आणि स्वतःचं नाव घेऊन "त्यांनी लिहिलं" म्हणायचं म्हणजे मला दुप्पट लाज.

जुना_मुद्रितशोधक
शेजारच्या दुकानातल्या हिशेबनीस बाईंचं पुस्तक येतंय आणि त्यांचा परिचय तुम्हाला लिहायला सांगितलाय असं धरा. त्यांच्याबद्दल जे सांगाल ते लिहा, शेवटी नाव बदला. मी तुमच्या वरच्या उत्तरांतून जुळवून बघितलं:

"… यांचा जन्म काटोल तालुक्यातल्या संत्रा बागायतदार कुटुंबातला. गेली १९ वर्षे नागपूरच्या कळमना बाजारात त्या एका अडत दुकानाचे हिशेब लिहितात. माल विकल्यावर शेतकऱ्याच्या हाती पडणारी पट्टी त्यांच्या अक्षरातली असते. या संग्रहातल्या ११ पैकी ७ कथा याच बाजारात घडतात. २०१६ पासून त्यांच्या ५ कथा दिवाळी अंकांतून प्रसिद्ध झाल्या आहेत. हा त्यांचा पहिला कथासंग्रह."

स्तुतीचं एकही विशेषण नाही. १०० शब्द ही वरची मर्यादा असते, ती भरून काढायची नसते. साठाच्या आत थांबलात तरी कुणी विचारणार नाही. दिवाळी अंकांची नावं मात्र घाला, ती मला माहीत नाहीत. पाचही नको, दोन पुरेत.

एक शंका अजून आहे. "दमदार" म्हणताना प्रकाशकांना पाठराखण तर नको होती? पुष्कळ ठिकाणी ती लेखकाकडूनच लिहून घेतात. तसं असेल तर तिथे तुम्ही नकोच, कथेतलं कुणीतरी हवं आणि त्याची अडचण हवी. उद्या फोन करून विचारून घ्या.

महाल_काका
मसुदा वाचला. यात आत्मस्तुती नाही हे मान्य करतो. पण त्याच ओवीत "सांगे वडिलांची कीर्ती" असंही आहे. "बागायतदार कुटुंबातला" हे त्यात बसतं की नाही, विचार करा.

जुना_मुद्रितशोधक
काका, बरोबर पकडलंत. त्यात घराण्याचा मोठेपणा डोकावतो. "संत्र्याची बाग असलेल्या घरात" म्हणा, मग नुसती जागा कळते.

बर्डीवाला
मले तर "पट्टी त्यांच्या अक्षरातली असते" हेच सगळ्यात दमदार वाटलं. पण "पहिला कथासंग्रह" काढा बावा. नवखी आहे असं कायले सांगायचं?

धरमपेठ_वाचनकट्टा
राहू द्या. पुढच्या पुस्तकाच्या वेळी वाचक तोच शोधत येतो.

बर्डीवाला
मी काढलंच असतं.

मृगबहार
फोन केला. त्यांना दोन्ही हवं होतं, परिचय वेगळा आणि पाठराखणीला आठ-दहा ओळी वेगळ्या. मी एकातच दोन्ही कोंबत होते.

परिचय पाठवला. बागेचं मुद्रितशोधक काकांनी सुचवलं तसं बदललं. "पहिला" ठेवलं आहे. दुकानाचं नाव घातलं नाही, शेटजींना अजून पुस्तकाचं सांगितलेलं नाही. पाठवण्याआधी वडिलांना वाचून दाखवलं. ते ऐकून म्हणाले, "२००८ ला नाही का लागलीस तिथे? मग १९ कसे, नीट मोज." मी मोजले. वर्ष २००७ निघालं, १९ बरोबर आहेत. स्तुतीबद्दल ते काही बोलले नाहीत.

पाठराखणीत रात्री दोनच्या गाडीवरच्या शेतकऱ्यापासून सुरुवात केली आहे. तीन ओळी झाल्या आणि चौथीत "हृदयस्पर्शी" शब्द आला, तो खोडला. त्या जागी काय घालू, कुणी सांगेल का? तो पट्टी घडी करून टोपीत ठेवतो, इथवर आले आहे.